पिशवीवरचा डॉक्टर

आमच्याकडे माणसाला दारू सोड म्हटलं तर तो निदान विचार करतो. भात सोड म्हटलं तर तो डॉक्टर बदलतो. हे मला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरीही जे केलं ते मी केलं. म्हणून आधीच सांगून टाकतो, या हकिकतीत दुसरा गुन्हेगार शोधत बसू नका.

गोंदियात फ्लेक्सचा जमाना नुकताच भरात आला होता. माझं दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एक कॉम्प्युटर, एक कॅमेरा, एक टेबलफॅन, आणि उन्हाळ्यात फॅनचं तोंड कॉम्प्युटरकडे, माझ्याकडे नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधल्या कोणत्याही सावळ्या माणसाला मी दोन मिनिटांत गोरा करायचो, आणि त्याच्या डोक्यावर गेल्या दहा वर्षांत गळालेले केस परत लावून द्यायचो. तक्रार कधी कोणी केली नाही. त्यामुळे मला वाटायला लागलं होतं की मी चांगलं काम करतो.

अशात तिरोडा रोडवरच्या एका छोट्या राइस मिलचे शेठजी आले. त्यांनी तांदळाचा एक नवा माल काढला होता. साळीचं टरफल काढायचं, पण नंतरचं पॉलिश अगदी हलकं मारायचं, म्हणजे दाण्यावरचा कोंडा बराचसा राहतो. असा तांदूळ जरा तपकिरी दिसतो, आणि आमच्याकडे तपकिरी तांदूळ म्हणजे जुना नाहीतर भिजलेला. विकायचा कसा, हा प्रश्न.

"देखो भाऊ," शेठजी म्हणाले, "शुगरवाले लोगों के लिए है. पिशवी ऐसी बनाओ की आदमी देखते ही ठीक हो जाए."

"शुगर फ्री लिहू?"

शेठजींचा चेहरा उतरला. रायपूरकडे त्यांच्या कोणा नातेवाइकानं एका डब्यावर असंच काही लिहिलं होतं आणि त्याला नोटीस आली होती. "लिखने का नहीं. लिखा की पकडते."

मी खुर्चीत मागे रेललो. ती रेलण्याची पद्धत मला अजून आठवते आणि अजून लाज वाटते. म्हटलं, "शेठजी, मग लिहायचंच नाही. दाखवायचं. चित्राला कोण पकडतं?"

शेठजींनी मला चहा सांगितला. दुकान माझं, चहावाला माझा, पण सांगितला त्यांनी.

चित्रात काय काय पाहिजे याची यादी मीच केली. मधोमध डॉक्टर. त्याच्या हातात रक्तातली साखर मोजायचं ते छोटं यंत्र, त्यावर आकडा ९८, म्हणजे निरोगी माणसाचा. खाली एक माणूस दोनदा, डावीकडे ढेरपोट्या आणि मलूल, उजवीकडे सडपातळ आणि हसरा, मधे एक हिरवा बाण. बाणावर अक्षर एक नाही. पूर्ण पिशवीवर दाव्याचा एक शब्द नाही. सगळा इमानदारीचा कारभार.

डॉक्टर कोण, इथं गाडी अडली. इंटरनेटवर मिळत होते ते सगळे गोरे, निळ्या डोळ्यांचे. शेठजी म्हणाले, "ये अंग्रेज चावल खाता है, ये कौन मानेगा?" खऱ्या डॉक्टरला विचारायची हिंमत नव्हती. शेवटी मीच उभा राहिलो. कोट आणला कॉलेजात केमिस्ट्री शिकणाऱ्या शेजाऱ्याचा; खिशाजवळ ॲसिडनं पडलेलं भोक होतं, ते नंतर फोटोशॉपमध्ये बुजवलं. स्टेथोस्कोप आणला गुरांच्या दवाखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून. त्याला म्हशीचा वास येत होता, पण फोटोत वास येत नाही, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा.

मग संगणकावर मी स्वतःला वय दिलं. केस पांढरे केले, चष्मा चढवला, मागे जाड पुस्तकांची कपाटं लावली. तरी चेहऱ्यात वजन येईना. तेव्हा मिलच्या मुनीमजींच्या फोटोतून त्यांची भरघोस मिशी कापली आणि माझ्या नाकाखाली चिकटवली. ढेरीवाला आणि बिनढेरीवाला हे दोघेही मुनीमजीच होते. म्हणजे त्या पिशवीवर एकच मिशी तीन ठिकाणी होती, आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही.

पिशव्या रायपूरहून चकचकीत छापून आल्या. आणि तांदूळ विकला गेला. आमगाव, सालेकसा, देवरी, प्रत्येक आठवडी बाजारात मी टांगलेला. बायको एकदा पिशवीकडे पाहून म्हणाली, "हा डॉक्टर कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो. चेहरा चालू वाटतो." मी विषय बदलला.

चारेक महिन्यांनी सालेकसाकडून, म्हणजे तिच्या माहेराहून फोन आला. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो, पोवार शेतकरी, बारा एकर धानाची जमीन, आणि दोन वर्षांपासून शुगर. त्यांच्या डॉक्टर मॅडमनं भात कमी करायला सांगितलं तेव्हापासून ते घरात कोणी वारल्यासारखे बसायचे. आता सासूबाई फोनवर सांगत होत्या की ते खूष आहेत, तिन्ही वेळ भात खातात, आणि गोळ्या बंद केल्या आहेत. पायाच्या अंगठ्याला धसकट लागून जखम झाली, ती महिना झाला भरत नाही. पण ते म्हणतात, भरेल.

"गोळ्या काऊन बंद केल्या?" बायकोनं विचारलं.

"त्यायले कोन्या डॉक्टरनं तांदूर देल्ला म्हने."

बायकोनं फोन ठेवला आणि म्हणाली, "हा कोण डॉक्टर आहे ना, मले त्याले भेटायचं आहे."

मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मामाजी ओसरीवर बसून कमरेभोवती सुतळी गुंडाळून मोजत होते. सुतळीला गाठी मारलेल्या. शेजारी माझी पिशवी, भिंतीला टेकवून, चित्र बाहेर, देवाच्या फोटोसारखी.

"मामाजी, या तांदळानं शुगर जात नाही," मी म्हटलं.

"कोन म्हनते?"

"मी म्हणतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "जवाईबापू, तुमी फोटो काढता. हा डॉक्टर आहे. याचे केस पाहा. मी कोनाचं आयकू?"

"डॉक्टरपण चुकू शकतो ना."

"चुकला असता तं फोटो छापू देल्ला असता का त्यानं? आन तुमी कायले जलून राहिले?"

बायको म्हणाली, "बाबा, पिशवीवर कुठं लिहिलं आहे का, गोळ्या सोडा म्हणून?"

"लिवाचं काय काम आहे? दिसून राहिलं." त्यांनी बाणावर बोट ठेवलं. "हा असा होता. मंग असा झाला. मधात कोठी गोळी आहे का? नाही. तांदूरच आहे."

चित्र मी जसं वाचलं जावं म्हणून काढलं होतं, अगदी तसंच त्यांनी वाचलं होतं. एवढं समजदार गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही.

त्या वेळी खरं सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. म्हटलं, गोंदियाला डॉक्टर मॅडमकडे नेऊ, त्या समजावतील, आपलं परस्पर भागेल. मामाजी पिशवी घेऊन निघाले. पुरावा म्हणून.

मॅडमनी रक्त तपासलं, अंगठ्यावरची पट्टी सोडली आणि जखम कापसानं पुसून पाहिली. मग म्हणाल्या, "काका, शुगर फार वाढली आहे. गोळ्या आजच सुरू करायच्या. जखम रोज धुऊन पट्टी. असंच चालू ठेवलंत तर हा अंगठा कापावा लागेल, हे मी घाबरवायला सांगत नाही."

मामाजींनी पिशवी टेबलावर ठेवली. "पन हे?"

मॅडमनी पिशवी जवळ ओढली. मी खिडकीबाहेरच्या झाडाचा अभ्यास सुरू केला.

"भात तो भातच, काका. कोंडा राहिला म्हणून साखर जरा हळू चढेल, पण तिन्ही वेळ ताटभर खाल्लात तर चढणारच." मग त्यांनी यंत्रावर बोट ठेवलं. "हे ९८. हे रक्त कोणाचं?"

रक्त कोणाचंच नव्हतं, तो आकडा मी टाइप केला होता.

"आणि हे डॉक्टर कोण? नाव नाही, नोंदणी नाही." त्यांनी पिशवी उचलून धरली. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पिशवीकडे. मी केस बदलले होते, डोळ्यांवर चष्मा चढवला होता, नाकाखाली मुनीम लावला होता, पण कान बदलायचे राहून गेले होते. माझे कान कसे आहेत ते मी सांगत नाही. टॅक्सीची दोन्ही दारं उघडी ठेवल्यासारखे आहेत.

"तुमचा व्यवसाय काय?" मॅडमनी विचारलं.

"ग्राफिक," मी म्हटलं.

"डॉक्टर आहात?"

"चार महिन्यांपासून," असं माझ्या तोंडून निघून गेलं.

बायको सावकाश माझ्याकडे वळली. तिचं ते वळणं मी इथं लिहीत नाही.

मॅडम चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी शाळेतल्यासारखं समजावलं. आजार बरा होतो असं सुचवणारी जाहिरात काही ठरावीक आजारांसाठी करता येत नाही, त्यात मधुमेह आहे. जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली नाही, पिशवी आणि लेबलसुद्धा जाहिरातच. आणि सुचवणं शब्दानं केलं काय, चित्रानं केलं काय. "तुम्ही एक शब्द खोटा लिहिला नाही, हे खरं. पण पांढरा कोट, यंत्र आणि बाण एका ओळीत ठेवले की वाक्य पूर्ण होतं. काकांनी ते वाचलं."

मी म्हटलं, "मामाजी, तो डॉक्टर मी आहे."

मामाजी हसले. "मॅडम, आमचे जवाई चांगले आहेत. मी गोळी घ्यावी म्हनून आपल्या अंगावर घेऊन राहिले."

"खरंच मी आहे."

"तुमाले मिशी आहे का?"

नाही म्हणावं लागलं. मॅडम म्हणाल्या, "बघा, यांना पटेपर्यंत गोळ्या चालू होणार नाहीत. ते आता तुमचं काम."

म्हणून मामाजींना मी थेट दुकानात नेलं. स्टुलावर बसवलं, फॅनचं तोंड त्यांच्याकडे केलं आणि पिशवीची फाइल उघडली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: फोटोशॉपमधलं चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा असतात. एका काचेवर केस, एका काचेवर चष्मा. प्रत्येक काचेच्या नावापुढे एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की ती काच दिसेनाशी होते.

"हे पाहा, मामाजी." पहिला डोळा मिटला. मागची पुस्तकांची कपाटं गेली आणि माझ्या दुकानाची भिंत आली, पोपडे आलेली.

"भिंत कोनाचीबी राहू शकते," मामाजी म्हणाले.

दुसरा डोळा. केस काळे झाले. तिसरा. चष्मा गेला. मामाजी स्टूल पुढे सरकवून आले. चौथा डोळा मिटला आणि मिशी गेली. पडद्यावर मी होतो, पांढऱ्या कोटात, गळ्यात म्हशीचा स्टेथोस्कोप.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "सारखा दिसते," ते म्हणाले. "पन लोकं सारखे राहतात."

एक डोळा उरला होता. तो मिटायचा नाही असं मी वाटेतच ठरवलं होतं. फोटो कमरेच्या खाली झाकलेला होता, त्याला कारण होतं. मे महिना होता, डॉक्टर कमरेच्या वरच लागणार होता, आणि पॅन्ट मी काढून ठेवली होती. बायको दारात उभी. मामाजींचा अंगठा पट्टीतून बाहेर डोकावत होता. मी डोळा मिटला.

पडद्यावर पूर्ण फोटो उघडला. वर डॉक्टर, खाली टॉवेल, त्याखाली माझे पाय.

मामाजी एकदम पडद्याजवळ गेले. टॉवेलच्या काठावर बोट ठेवलं. हिरवा काठ, त्यात लाल रेघ.

"हा टावेल तं मीच देल्ला होता," ते म्हणाले. "दिवारीच्या सनाले."

बायको दारातच खाली बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामाजी हसले नाहीत.

"आन हा?" त्यांनी ढेरीवाल्याकडे बोट दाखवलं.

मुनीमजींच्या दोन्ही प्रती मी बाजूला केल्या आणि मूळ फोटो दाखवला. फोटो एकच होता. एका प्रतीत पोट बाहेर ओढलं, गाल पाडले, प्रकाश कमी केला. दुसरीत पोट आत ढकललं, ओठांची टोकं वर उचलली. खरे मुनीमजी या दोघांच्या मधे होते आणि त्या दिवशीही मिलमध्ये तसेच बसलेले होते. त्यांनी तो तांदूळ चाखलाही नव्हता. त्यांना पांढराच आवडतो.

"म्हंजे आधीचाबी खोटा, मंगचाबी खोटा."

"हो."

मामाजींनी खिशातून सुतळी काढली. चार महिन्यांच्या गाठी. "म्हनून माही गाठ सरकून नाही राहिली," ते म्हणाले. "मले वाटे, माह्यातच काही खोट आहे."

मी फाइल बंद केली.

मग त्यांनी लेकीला विचारलं, "गोळी कोनती होती, पिवरी का पांढरी?" तिनं पाकीट पुढे केलं. त्यांनी गोळी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली, मला विचारलं, "हे खरी आहे ना?" आणि गिळली.

शेठजींकडे मी मॅडमचा निरोप घेऊन गेलो. पिशवीसुद्धा जाहिरात असते हे ऐकून ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "तूने बोला था, चित्र को कौन पकडता है."

"चुकलो शेठजी."

"अब?"

दुकानदारांकडचा माल परत आणायचा, आणि पिशवीच्या चित्रावर नवा कागद चिकटवायचा, असं ठरलं. साधी शाई त्या चकचकीत पिशवीवर टिकत नाही, बोटानं पुसली जाते, आणि पुसली की पुन्हा डॉक्टर उगवतो. म्हणून चिकटणारं मोठं लेबल. शेठजींनी कागद वाचवायला ते चारही बाजूंनी जरा आखूड कापून आणलं. पहिल्या पिशवीवर लावून पाहिलं तर लेबलाच्या वर माझे पांढरे केस आणि चष्मा, कुंपणावरून शेजारणीकडे पाहावं तसे. लेबल परत मोठं कापावं लागलं.

त्या लेबलावर फक्त तांदळाचा फोटो ठेवला. पांढऱ्या बशीत, सकाळच्या उजेडात. शेठजी म्हणाले, "मटमैला दिखता है, थोडा उजाला मारो." माझा हात सवयीनं गेला. मामाजी शेजारीच होते. जखम भरेपर्यंत ते आमच्याकडेच मुक्कामाला होते, आणि त्या प्रसंगापासून माझ्या दुकानात तपासनीस म्हणून बसू लागले होते. त्यांनी मूठभर तांदूळ पडद्यापाशी धरला. "जवाईबापू, माहा तांदूर पाहा, तुमचा पाहा." मी उजेड परत कमी केला. मजकूर साधा: कमी पॉलिश केलेला तांदूळ, कोंडा बराचसा शिल्लक, आधी भिजवावा, शिजायला वेळ लागतो.

मॅडमना दाखवायला नेलं. त्यांनी कोपऱ्यातल्या हिरव्या पानावर बोट ठेवलं. "हे काय?"

"पान, मॅडम. सजावट."

"पानाचा आकार हृदयासारखा का?"

"पिंपळाचं आहे."

"तांदळाच्या पिशवीवर पिंपळ कशाला?"

मी पान काढलं. माझ्यात सुधारणा झाली नव्हती, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग आठवडाभर आम्ही मिलच्या गोदामात लेबलं चिकटवली. मी, मुनीमजी आणि देखरेखीला मामाजी, पायात मोजा, अंगठ्याला स्वच्छ पट्टी. मुनीमजी स्वतःच्या ढेरीवर लेबल लावताना प्रत्येक वेळी श्वास आत घ्यायचे. मामाजी लेबलाच्या कडा नखानं दाबून पाहायचे. "कान दिसून राहिला," म्हणायचे, आणि पिशवी माझ्याकडे परत.

जखम भरत चालली होती. मॅडमनी भात पूर्ण बंद केला नव्हता. एका जेवणाला एक वाटी, सोबत भाजी, वरण. दुपारी बायकोनं दिलेला डबा उघडला. मामाजींनी आधी गोळी घेतली, सगळ्यांना दाखवून. मग वाटी घेतली आणि भात भरला. भरला, अंगठ्यानं दाबला, पुन्हा भरला, पुन्हा दाबला, आणि वर असा ढीग रचला की वाटी कुठं आहे हे शोधावं लागावं.

"मामाजी, एक वाटी सांगितली आहे."

"एकच आहे. मोजा." ते म्हणाले. जन्मभर पायलीनं धान मोजलेला माणूस. शिग चढवल्याशिवाय माप पुरं झालं असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं. "खोटं एक दाना नाही."

मुनीमजी माझ्याकडे पाहत होते. मी चमचा उलटा धरला आणि वाटीच्या काठावरून शिग सपाट कापली. कापलेला भात माझ्या डब्यात टाकला. मामाजी सपाट वाटीकडे पाहत राहिले, बराच वेळ.

"लय लहान दिसते," ते म्हणाले.

"जशी आहे तशी आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला, वाटी जवळ ओढली, आणि पहिला घास फार हळू खाल्ला.